पंपाची किंमत आणि पाण्याची किंमत



परिषदेच्या अध्यक्षाने आपल्या व्यवसायाच्या सर्व अंगांचा परामर्श घ्यावा असा प्रघात आहे. परंतु आपण बहुतेक सर्वजण नगरपालिकांच्या आणि जिल्हा परिषदांच्या पाणीपुरवठ्याशी या ना त्या नात्याने बांधलेले असल्यामुळे तो प्रघात मोडून एकाच मामल्यावर सविस्तर बोलण्याची परवानगी मी घेणार आहे. तो मामला म्हणजे पंपसंचाची खरेदी, आणि त्या खरेदीत आपण ज्याला स्वस्त म्हणतो ते कोणत्या मुदतीच्या हिशेबाने स्वस्त ठरते, हा प्रश्न.

यंत्राच्या संपूर्ण आयुष्याचा खर्च मांडून मगच ते घ्यावे, हा विचार नवा नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी १९६५ साली तयार झालेल्या एका अहवालात त्याला रीतसर नाव मिळाले आणि पुढे तो सर्वत्र पसरला. आपल्याकडेही वीजमंडळे ट्रान्स्फॉर्मरच्या निविदा तपासताना त्यातील विजेच्या तोट्याचे भांडवलीकरण करून ती रक्कम मागितलेल्या किमतीत मिळवीत आणि मगच दरांची तुलना करीत आली आहेत. म्हणजे रीत आपल्या शेजारच्याच दप्तरात आहे, मात्र पाणीपुरवठ्याच्या दप्तराचा उंबरठा तिने क्वचितच ओलांडला.

सुमारे चाळीस हजार वस्तीच्या गावाला पाणी देणारे एक पंपगृह डोळ्यांसमोर आणा. नदीकाठच्या विहिरीतून सेकंदाला १०० लिटर पाणी ५० मीटर एकूण हेडवर चढवायचे आहे आणि पंप वर्षाला ६,००० तास चालणार आहे. दोन निविदा आल्या आहेत. पहिल्या संचाची किंमत सहा लाख रुपये, पंपाची कार्यक्षमता ७० टक्के आणि मोटरची ९२ टक्के. दुसऱ्याची किंमत नऊ लाख, आणि त्याच दोन कार्यक्षमता अनुक्रमे ८० आणि ९५ टक्के. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत, तथापि आपल्यापैकी कोणीही आपापल्या दप्तरातली निविदा काढून हेच गणित करू शकेल.

पाण्याला प्रत्यक्ष द्यावी लागणारी शक्ती दोन्ही बाबतींत तीच, सुमारे ४९ किलोवॅट. पण पहिला संच त्यासाठी वीजवाहिनीतून ७६ किलोवॅट ओढतो आणि दुसरा साडेचौसष्ट. साडेअकरा किलोवॅटचा हा फरक ॲमीटरच्या काट्यावर पाहिला तर डोळ्यांत भरत नाही, कारण काटा थोडासाच पुढे सरकलेला असतो. परंतु वर्षाच्या ६,००० तासांनी त्याला गुणले की जवळजवळ सत्तर हजार युनिट होतात, आणि युनिटला आठ रुपये धरले तर वर्षाला साडेपाच लाखांहून अधिक रुपये होतात. निविदेत वाचवलेले तीन लाख अशा रीतीने सात महिन्यांच्या आत वीजबिलातून परत गेलेले असतात. संचाचे आयुष्य मात्र १५ वर्षांचे आहे.

आता कोणी चाणाक्ष लेखापाल विचारील की आजचा रुपया आणि १५ वर्षांनंतरचा रुपया एकाच तराजूत कसा घालता? प्रश्न रास्त आहे. म्हणून वर्षाकाठी दहा टक्के वटावाचा दर धरून पुढील सर्व खर्च आजच्या मूल्यात आणू. या दराने १५ वर्षे दरसाल होणारा एक रुपया खर्च आज सात रुपये साठ पैशांच्या बरोबरीचा ठरतो. पहिल्या संचाचे वीजबिल वर्षाला सुमारे साडेछत्तीस लाख, म्हणजे वर्तमान मूल्याने २७८ लाख. दुसऱ्याचे सुमारे एकतीस लाख, म्हणजे २३६ लाख. दुरुस्ती-देखभालीसाठी पहिल्याला वर्षाला साठ हजार आणि दुसऱ्याचे सुटे भाग महाग म्हणून ऐंशी हजार धरले, तरी सर्व मिळून पहिला संच आपल्याला २८९ लाखांना पडतो आणि दुसरा २५१ लाखांना. ज्या सहा लाखांसाठी आपण निविदा समितीच्या बैठका घेतो, तुलनात्मक तक्ते करतो आणि ‘एल-वन’ची निवड झाली म्हणून निर्धास्तपणे सही करतो, ते सहा लाख एकंदर खर्चात शंभराला दोन रुपये इतकेच भरतात.

विजेचा दर १५ वर्षे आठ रुपयेच राहील असे मी वर गृहीत धरले. तो तसा राहत नाही, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. दरसाल पाच टक्के वाढ धरली तर तो साडेसातचा गुणक साडेदहावर जातो आणि दोन संचांतील अंतर आणखी रुंदावते. यासाठीच वटावाचा दर आणि वीजदराची वाढ या दोन्ही गोष्टी निविदेतच लिहून टाकाव्यात. नाहीतर ज्याला जो संच पसंत पाडून घ्यायचा आहे तो त्याला सोयीचा दर निवडील आणि अंकगणित हे निष्पक्ष शास्त्र आहे हा आपला भाबडा समज खोटा ठरेल.

निर्लेखनाच्या बाबतीत फार वेळ घेत नाही. बिडाचा पंप आणि मोटरमधले तांबे भंगारात विकून १५ वर्षांनी ऐंशी हजार रुपये आले असे समजलो, तरी आजच्या मूल्याने ते वीस हजारांच्या आत बसतात. पंपाच्या हिशेबात हा रकाना निर्णय बदलत नाही. बॅटऱ्यांच्या आणि तेलाच्या ट्रान्स्फॉर्मरच्या बाबतीत मात्र निराळे आहे, कारण जुने तेल आणि शिसे अधिकृत प्रक्रियादाराकडेच सोपवावे लागते आणि त्याचा खर्च व जबाबदारी खरेदी करतानाच मोजणे शहाणपणाचे असते.

देखभालीकडे मात्र मी आपले लक्ष अधिक काळ वेधणार आहे, कारण तेथे खरा खर्च देखभालीच्या लेखाशीर्षाखाली दिसतच नाही. पंपाच्या पोटात इम्पेलरभोवती वेअर रिंग असते. ती आणि इम्पेलर यांच्यामधले अंतर झिजेने वाढले की वर चढवलेल्या पाण्याचा काही भाग आतल्या आतच परत फिरतो. पंप चालू असतो, आवाजही नेहमीसारखाच येतो, गावाला पाणी पोचत असते. कमी पडू लागले की तास वाढवले जातात, आणि लॉगबुकात ‘पंप सुस्थितीत’ हे दोन शब्द रोज उमटत राहतात. हा रोग कळण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे. पंपगृहात पाण्याचा आणि विजेचा असे दोन्ही मीटर असावेत आणि दर महिन्याला दर घनमीटर पाण्यामागे किती युनिट खर्ची पडले याचा भागाकार लिहावा. वरच्या दुसऱ्या संचाचा हा आकडा नवेपणी ०.१८ येतो. पुढे तो ०.२० झाला तर वर्षाच्या सुमारे साडेएकवीस लाख घनमीटर पाण्यावर त्रेचाळीस हजार युनिट, म्हणजे जवळजवळ साडेतीन लाख रुपये, वाया जातात. वेअर रिंग बदलण्याचा खर्च याच्या तुलनेत नगण्य, पण तो मागायला अंदाजपत्रक, मंजुरी आणि तगादा लागतो, आणि वीजबिल मात्र कोणाच्याही मंजुरीवाचून निमूटपणे भरले जाते.

मोटर जळाली की ती गावातल्या कारागिराकडे रिवाइंडिंगला जाते. जुने वळण सुटे करण्यासाठी स्टेटर भट्टीत जास्त तापवला गेला तर त्याच्या पत्र्यांमधले रोधक जळते, लोखंडातला तोटा वाढतो आणि मोटर पुन्हा चालू झाली तरी कार्यक्षमतेत एखाददुसऱ्या टक्क्याची कायमची खोट येते. रिवाइंडिंगचे बिल कमी आल्याचा आनंद त्या टक्क्याने पुढच्या बिलातून वसूल केला जातो. कारागिराला दोष देण्यात अर्थ नाही. तापमानाची मर्यादा आणि दुरुस्तीनंतरची निर्भार चाचणी या दोन अटी कामाच्या आदेशात घालणे आपल्याच हाती आहे.

आणखी एक दोष आपण अभियंतेच करतो. हेड काढताना सल्लागार थोडे धरतो, उपअभियंता त्यावर थोडे वाढवतो, कार्यकारी अभियंता सुरक्षिततेसाठी आणखी काही, आणि ५० मीटरच्या जागी ६५ मीटरचा पंप येऊन बसतो. मग स्लूस व्हॉल्व्ह अर्धा मिटवून तो चालवावा लागतो. अशा पंपगृहात शिरलात तर व्हॉल्व्हपाशी सळसळ ऐकू येते. जी शक्ती आपण पैसे देऊन विकत घेतली तिचा चुराडा तेथे होत असतो. वर, पंप आपल्या उत्तम कार्यबिंदूपासून दूर चालत असल्यामुळे बेअरिंगही लवकर जातात. अशा स्थितीत ८० टक्के कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगण्यापुरतेच उरते.

मात्र महाग संचच नेहमी घ्यावा असा माझा आग्रह आहे, असे कोणी समजू नये. देखभालीतला फरक क्षणभर बाजूला ठेवला तर वरच्या उदाहरणात तीन लाखांचा जादा खर्च भरून निघायला संच वर्षाला किमान सव्वाचारशे तास चालला पाहिजे. आग विझवण्यासाठी राखून ठेवलेला पंप वर्षात पन्नास तासही चालत नाही. तेथे स्वस्त संच हाच किफायतशीर, आणि तेथे मोजायची ती वेळेवर सुरू होण्याची खात्री. किमतीपेक्षा तास आधी विचारा, इतकाच याचा अर्थ.

हे सारे माहीत असूनही आपण सहा लाखांचाच संच का घेतो? कारण खरेदी भांडवली लेखाशीर्षातून होते आणि वीजबिल महसुली लेखाशीर्षातून भरले जाते. पहिल्यात बचत दाखवणाऱ्या अंमलदाराची प्रशंसा होते आणि दुसऱ्यातली उधळपट्टी त्याच्या बदलीनंतर दुसऱ्याच्या माथी येते. लेखापरीक्षकही विचारतो की नऊ लाख का दिले. सहा लाख का दिले असे तो सहसा विचारीत नाही.

म्हणून या परिषदेने ठराव करून आग्रह धरावा अशी माझी विनंती आहे. तुलनात्मक तक्त्यात किमतीच्या शेजारी १५ वर्षांच्या विजेच्या वर्तमान मूल्याचा रकाना असावा आणि ‘एल-वन’ त्या बेरजेवरून ठरावा. पुरवठादाराने दिलेली कार्यक्षमता कारखान्यात आणि पुन्हा जागेवर तपासली जावी. ती कमी भरली तर प्रत्येक किलोवॅटमागे त्याच हिशेबाने निघणारी रक्कम बिलातून कापली जावी आणि मर्यादेपलीकडे कमी असेल तर संच परत जावा. या अटीवाचून वर्तमान मूल्याचा रकाना निरर्थक ठरेल, कारण कागदावर ८५ टक्के लिहायला पुरवठादाराला काहीच खर्च येत नाही. ठरावाचा मसुदा उद्या सकाळच्या सत्रात मांडला जाईल. आपापल्या नगरपालिकेतल्या एका तरी पंपाचे घनमीटरमागचे युनिट काढून, तो आकडा बरोबर घेऊन त्या चर्चेला उपस्थित राहावे, अशी मी आपणा सर्वांना विनंती करतो.