मॅनर म्हणजे काय? वेठबिगारीपासून सुरू करू

सरंजामशाहीच्या उत्तरात पोरं राजा, सरदार, शेतकरी अशी उतरंड काढतात अन् थांबतात. पण सरदाराचं घर चालायचं कशावर? आपलं कंधार निजामाच्या राज्यात होतं. तिथल्या जहागिऱ्या १९४९ मध्ये संपल्या. जहागीरदाराला गावचा सारा मिळायचा. युरोपातल्या मॅनरच्या मालकाची मात्र गावात स्वतःची शेती असायची, आणि ती कसायची कुळांनी, फुकट. बऱ्याच ठिकाणी आठवड्यातले दोन-तीन दिवस! म्हणजे आपली वेठबिगारच की. सुगीत दिवस आणखी वाढायचे, मग स्वतःचं पीक रानात उभं राहिलं तरी आधी मालकाचं काढायचं. दळणही त्याच्याच चक्कीवर, वर धान्यातला वाटा द्यायचा. या कुळाला 'भूदास' लिहा, नुसतं 'गुलाम' नको. त्याला स्वतःचा जमिनीचा तुकडा होता, पण मालकाला विचारल्याशिवाय गाव सोडता येत नव्हतं.