गेलेल्याच्या कमाईचा हिशोब
(वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



आज मी एका घराची गोष्ट सांगणार आहे. नवापूर तालुक्यातले घर आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण हिशोब कोर्टात होतो तसाच सांगते.

नवरा बत्तीस वर्षांचा होता. पावसाळ्यात घरची शेती आणि दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोड. सुरत–धुळे रस्त्यावर मागून आलेल्या ट्रकने त्याच्या मोटारसायकलला उडवले. मागे बायको, दोन लहान मुले आणि म्हातारी आई. दहाव्या दिवशी ट्रकमालकाचा माणूस पन्नास हजार रुपये आणि लिहून आणलेला स्टॅम्पपेपर घेऊन अंगणात हजर झाला. गावची चार माणसेही म्हणू लागली, "घेऊन टाक बाई, कोर्टात कुठे फिरशील?" ती अंगठा देणारच होती, पण सासूने हात धरला. त्या रात्री आमच्या मंडळीचे वडील तिला माझ्याकडे घेऊन आले.

तिने मला विचारले, "ताई, माणसाची किंमत कशी काढतात?" मी म्हटले, माणसाची किंमत कोर्ट काढतच नाही. तो जिवंत असता तर घराला किती आधार मिळाला असता, तेवढेच कोर्ट पाहते. हा हिशोब कसा करायचा ते सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा खटल्यात ठरवून दिले आणि २०१७ च्या प्रणय सेठी खटल्यात त्यात भर घातली. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण त्याच रीतीने चालते.

आपण पायरीपायरीने जाऊ. त्याची महिन्याची कमाई बारा हजार धरली. बत्तीस वर्षांचा माणूस आयुष्यभर बारा हजारांवरच राहिला नसता. म्हणून पगारदार नसलेल्या, चाळिशीच्या आतल्या माणसाच्या कमाईत चाळीस टक्के वाढ धरतात. झाले सोळा हजार आठशे. आता तो स्वतः जेवला असता, त्याला कपडे लागले असते, तंबाखूही लागली असती. तो खर्च वजा करायचा. लग्न झालेल्या माणसाचे अवलंबित दोन-तीन असले तर एक तृतीयांश, चार ते सहा असले तर एक चतुर्थांश. इथे चार आहेत, म्हणून चौथा हिस्सा गेला आणि घराच्या वाट्याला महिन्याला बारा हजार सहाशे राहिले. वर्षाचे १,५१,२०० रुपये.

या रकमेला आता गुणकाने गुणायचे. मयताच्या वयावरून गुणक ठरलेला असतो. पंधरा ते पंचवीस वयाला अठरा, पुढे तो हळूहळू उतरत जातो, आणि पासष्टच्या पुढे पाच. एकतीस ते पस्तीस वयाला गुणक सोळा आहे. १,५१,२०० गुणिले १६ म्हणजे २४,१९,२००. अंत्यविधीचा खर्च, बायको-मुलांना आणि आईला मुकलेल्या सहवासाबद्दलची ठरावीक रक्कम, आणि दावा दाखल केल्यापासूनचे व्याज यात अजून आलेले नाही.

इथे सासूने मला अडवले. शाळा न शिकलेली बाई, पण प्रश्न बरोबर विचारला. "माझा पोरगा साठीपर्यंत तरी राबला असता. म्हणजे अठ्ठावीस वर्षे. मग सोळाच का?"

याचे उत्तर व्याजात आहे. अठ्ठावीस वर्षांत थोडी थोडी येणारी कमाई आज एकदम हातात येते. ती बँकेत ठेवली की व्याज देते. समजा पाच टक्के व्याज मिळाले. पहिल्या वर्षी २४,१९,२०० वर १,२०,९६० रुपये येतील. घराला हवेत १,५१,२००. म्हणजे मुद्दलातून फक्त ३०,२४० काढायचे. दर वर्षी मुद्दलाला थोडे जास्त हात लावायचा. असे केले तर ही रक्कम साधारण तेहतीस वर्षे पुरते, तिच्या अठ्ठाविसाहूनही जास्त. तेल-मिठाचे भाव वाढतील ही तक्रार मात्र खरी आहे. वरचे चाळीस टक्के त्याला थोडा टेकू देतात, पूर्ण नाही. शिवाय तो माणूस साठीपर्यंत धडधाकट राहिलाच असता असेही कोणी सांगू शकत नाही, तेही गुणकात धरलेले आहे.

हिशोब एवढा सरळ असूनही आपल्या लोकांच्या हाती कमी का पडते? मी पाहिले आहे ते असे, की गुणाकार चुकत नाही, त्याच्या आधीचे आकडे चुकतात.

पहिली गोष्ट कमाईची. ऊसतोड करणाऱ्याकडे पगाराची पावती कुठली? पुरावा नसला की कोर्ट अंदाजाने, बहुधा किमान वेतनाकडे पाहून आकडा धरते. या घराच्या हिशोबात महिन्याच्या कमाईतले हजार रुपये कमी झाले की अखेरीस २,०१,६०० रुपये कमी होतात. म्हणून मी तिच्याबरोबर मुकादमाकडे गेले. त्याच्या वहीत उचल नवरा-बायकोच्या जोडीच्या नावे लिहिलेली होती, एका कोयत्याची. त्यात नवऱ्याचा वाटा कोणता, हे सांगायला बरोबर तोडणारे दोन साक्षीदार लागले. शेतीची कमाई वेगळी दाखवावी लागली. मुकादम आधी कां-कूं करत होता. तीन फेऱ्या झाल्या, तेव्हा वही मिळाली.

दुसरी गोष्ट वयाची. आधार कार्डावर त्याची जन्मतारीख १ जानेवारी होती. आपल्या पाड्यांवर अर्ध्या लोकांचा वाढदिवस १ जानेवारीलाच असतो, हे तुम्हाला माहीत आहे! कार्डाप्रमाणे तो छत्तीसचा ठरत होता. छत्तीसला गुणक पंधरा, म्हणजे एक वर्षाचे १,५१,२०० रुपये गेले. आश्रमशाळेच्या दाखल्यात मात्र बत्तीस निघाले. आधार हा वयाचा पुरावा नव्हे, शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितले आहे. आम्ही दाखला लावला.

तिसरी गोष्ट नावांची. पहिल्या अर्जात फक्त बायको आणि मुले लिहिली होती, म्हातारी राहून गेली. तीनच अवलंबित धरले असते तर एक तृतीयांश वजा झाला असता आणि हिशोब २१,५०,४०० वर आला असता. म्हातारीचे नाव गळल्याने २,६८,८०० रुपयांचा फरक, आणि तिला स्वतःचा वाटा नाही तो नाहीच. अर्ज लिहिणाऱ्याला वाटले होते, सासूचे काय, ती सुनेकडेच राहते.

आता मुदतीबद्दल. कायद्यात आता दाव्यासाठी अपघातापासून सहा महिने लिहिले आहेत. दावा आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही करता येतो, अपघात दूर गुजरातेत झाला म्हणून तिकडे धावायची गरज नसते. तुमच्या मंडळीत असे काही घडले तर पोलिसांच्या एफआयआरची आणि शवविच्छेदन अहवालाची प्रत, ट्रकचा नंबर आणि विम्याचे कागद, शाळेचा दाखला, रेशनकार्ड एवढे आधी गोळा करा. शोकसभेच्या दिवशी हे बोलणे बरे दिसत नाही, मलाही अवघड जाते. पण ट्रकमालकाचा माणूस दहाव्या दिवशी येतो.

पैसे मंजूर झाल्यावरचे एक सांगते. न्यायाधिकरण मुलांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत ठेवायला सांगते, आणि बाईच्या वाट्यातलाही काही भाग. तिच्या दिराला हे रुचले नाही. "आमचाच पैसा, आम्हालाच नाही," म्हणाला. मी त्याला तोच तेहतीस वर्षांचा हिशोब कागदावर मांडून दाखवला. मोटारसायकल आणि घराचे पत्रे पहिल्याच वर्षी घेतले तर व्याज कशावर मिळणार, असे विचारले. तो गप्प बसला, पण पटले असे म्हणणार नाही. ठेवीच्या पावत्या आता सासूच्या पेटीत आहेत आणि किल्ली तिच्या कमरेला.