गेट कोणी उघडलं? अहवालातल्या वाक्यात हरवलेला कर्ता



पैठणहून निघालेला जायकवाडीचा डावा कालवा अंबड तालुक्यातून जातो. कालव्याच्या पाण्यावर आता बऱ्याच ठिकाणी पाणी वापर संस्थांचं व्यवस्थापन आहे. 2005 सालच्या कायद्यानं या संस्थांना पाणी मोजून देण्याची व्यवस्था केली. पाणी मोजून मिळू लागलं की चारीचं गेट कोणी उघडलं, कोणी बंद केलं, याला महत्त्व येतं. मग तक्रार होते, पाहणी होते, अहवाल लिहिला जातो. तो लिहिणारा माणूस प्रामाणिक असतो, घटना त्यानं डोळ्यांनी पाहिलेली असते. तरीही अहवाल वाचणारे तीन जण तीन अर्थ काढतात. असं का होतं आणि ते कसं टाळायचं, एवढंच आज पाहू.

समजा, एका चारीवरच्या घटनेचा हा अहवाल आहे. नीट ऐका.

"रात्री गेट उघडताना पाटकऱ्याने शेतकऱ्यास पाहिले. त्यांनी निरीक्षकांना कळवले असता त्यांनी जागेवर येऊन पाहणी केली. संस्थेच्या अध्यक्षांना बोलावून गेट बंद करण्यात आले. ठेकेदाराकडून गेटचे हँडल काढून घेण्यात आले."

ऐकायला सगळं सरळ वाटतं. आता पहिल्या वाक्याला एकच प्रश्न विचारा: गेट कोण उघडत होतं? पाटकरी स्वतः गेट उघडत होता आणि तेवढ्यात त्याला शेतकरी दिसला, असंही म्हणता येतं. किंवा शेतकरी चोरून गेट उघडत होता आणि पाटकऱ्यानं त्याला पाहिलं, असंही म्हणता येतं. पहिल्या अर्थात पाटकरी आपलं नेमून दिलेलं काम करतो आहे, दुसऱ्यात शेतकऱ्यावर पाणीचोरीचा आरोप आहे. ‘उघडताना’ हे रूप वाक्यात लोंबकळत राहतं. ‘-ताना’ची क्रिया पाहणाऱ्याचीही असू शकते आणि दिसणाऱ्याचीही. मराठीत दोन्ही चालतं, म्हणून नुसतं व्याकरण तपासून ही चूक सापडत नाही. उपाय सोपा आहे. ‘-ताना’ फोडायचं आणि त्या क्रियेला तिचा कर्ता द्यायचा: "एक शेतकरी गेट उघडत होता. पाटकऱ्याने त्याला पाहिले." इथे ‘त्याला’ चालतं, कारण पाटकरी सोडला तर तिथे दुसरा एकच माणूस आहे.

दुसरं वाक्य नंतर पाहू. तिसऱ्या वाक्यात ‘बोलावून’ आहे. ‘-ऊन’चा संकेत मात्र बऱ्यापैकी कडक आहे. जो पहिली क्रिया करतो, तोच पुढचीही करतो. "निरीक्षकांनी जागेवर येऊन पाहणी केली", इथे आले तेही निरीक्षक आणि पाहणी केली तीही त्यांनीच. "पाऊस पडून नदीला पूर आला" असंही आपण म्हणतो. तिथे पडणारा पाऊस आणि येणारा पूर वेगळे आहेत, पण एकामुळे दुसरं घडलं हे स्पष्ट आहे, त्यामुळे घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो दोन माणसं असली आणि पुढे ‘करण्यात आले’ आलं की. अध्यक्षांना कोणी बोलावलं? गेट अध्यक्षांनी बंद केलं, की बोलावणाऱ्यानं? ‘बंद करण्यात आले’नं कर्ता काढून टाकला, त्यामुळे ‘बोलावून’ला धरायला माणूसच उरला नाही. कर्ता परत आणा: "निरीक्षकांनी अध्यक्षांना बोलावले. अध्यक्षांनी गेट बंद केले."

आता दुसरं वाक्य. त्यात ‘त्यांनी’ दोनदा आलं आहे. कोणी कळवलं? पाटकऱ्यानं, शेतकऱ्यानं, की दोघांनी मिळून? मराठीत ‘त्यांनी’ आदरार्थी एकाला लागतं तसंच अनेकांनाही लागतं. त्यातून सरकारी लिखाणात सगळ्यांनाच आदरार्थी लिहायची पद्धत आहे, मग संख्येवरूनही माणूस ओळखता येत नाही. दुसरं ‘त्यांनी’ निरीक्षकांचं असावं असं आपल्याला वाटतं, पण कळवणारेच परत जागेवर आले, असाही अर्थ बसतो. एका प्रसंगात दोन किंवा जास्त माणसं आली की प्रत्येक क्रियेपाशी हुद्दा लिहावा. पाटकरी, निरीक्षक, अध्यक्ष हे शब्द पुन्हापुन्हा आले म्हणून अहवाल वाईट होत नाही. शाळेच्या निबंधात पुनरुक्ती टाळायला शिकवतात, ती सवय इथे सोडायची. ‘सदर इसम’ आणि ‘संबंधित अधिकारी’ यांनाही हाच नियम. ते कितीही औपचारिक वाटले तरी नाव न घेणारी सर्वनामंच आहेत.

शेवटचं वाक्य सर्वांत फसवं आहे. "ठेकेदाराकडून हँडल काढून घेण्यात आले." ठेकेदारानं काढून घेतलं, की ठेकेदाराजवळचं काढून घेतलं? ‘कडून’ हा शब्द काम करणाऱ्यालाही लागतो आणि ज्याच्याकडची वस्तू घेतली त्यालाही. पहिल्या अर्थी ठेकेदार गेटची दुरुस्ती करत होता, दुसऱ्या अर्थी हँडल नको त्या हातात होतं. इथे ‘ठेकेदाराने’ किंवा ‘ठेकेदाराच्या ताब्यातील’ असं लिहिलं की वाद मिटतो.

आता सुधारलेला अहवाल ऐका.

"रात्री एक शेतकरी चारीचे गेट उघडत होता. पाटकऱ्याने त्याला पाहिले आणि कालवा निरीक्षकांना कळवले. निरीक्षकांनी जागेवर येऊन पाहणी केली व संस्थेच्या अध्यक्षांना बोलावले. अध्यक्षांनी गेट बंद केले. निरीक्षकांनी ठेकेदाराच्या ताब्यातील गेटचे हँडल काढून घेतले."

हा परिच्छेद थोडा लांबला, पण विचारायला काही उरलं नाही. ‘येऊन’ मी तसंच ठेवलं आहे. आलेला आणि पाहणी करणारा एकच असल्यानं ते बिनधोक आहे. जिथे अर्थ हलत नाही तिथे वाक्य तोडत बसू नये.

एक सावधानता मात्र सांगितली पाहिजे. मी दोन अर्थांतला एकेक निवडला, तो उदाहरणापुरता. खऱ्या अहवालात असा अर्थ टेबलावर बसून निवडता येत नाही. मूळ वाक्य दोन अर्थांचं असेल, तर भाषा सुधारणाऱ्यानं अंदाजानं एक अर्थ पक्का करणं म्हणजे नवा आरोप तयार करणं. पाटकऱ्याला विचारा, नोंदवही पाहा, मगच कर्ता घाला. आणि शोधूनही कळलं नाही, तर तेच लिहा: "गेट कोणी उघडले ते समजले नाही." ‘गेट उघडण्यात आले’ असं लिहिलं, तर माहिती नाही हेही झाकलं जातं आणि कोणाला तरी वाचवलं आहे असा संशयही येतो.

तपासायची रीत अशी. अहवाल झाला की प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा. ‘-ताना’ आणि ‘-ऊन’ची रूपंही त्यात धरा. मग घटनेच्या वेळी हजर नसलेल्या माणसाला तो वाचायला द्या आणि प्रत्येक रेघेसमोर कोणी केलं ते लिहायला सांगा. तुम्ही स्वतः हे करू नका. तुम्हाला घटना माहीत असल्यानं तुम्ही बरोबरच नाव लिहाल, वाक्यात ते असो वा नसो. वाचणारा जिथे थांबेल, किंवा भलतंच नाव लिहील, तेवढीच वाक्यं दुरुस्त करायची. हे सह्या होण्याआधी करा. सह्या झाल्यावर अहवालातला शब्द बदलायला पुन्हा त्याच सगळ्या माणसांना गोळा करावं लागतं आणि तोवर प्रत्येकानं आपापला अर्थ धरून ठेवलेला असतो.