शाळेच्या वेळी दुखणारे पोट
(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



शाळेची वेळ झाली की पुष्कळ मुलांचे पोट दुखू लागते, आणि शाळा बुडाली की तासाभरात थांबते. मग आपण म्हणतो, "ढोंगी आहे मेला!" पण हे दुखणे बहुधा ढोंग नसते.

आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचे दाट जाळे असते, आणि त्याचे व मेंदूचे निरोप सारखे चालू असतात. भीती वाटली की जठराचे काम मंदावते आणि मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. म्हणून मळमळते, परसाकडे लागते. 'पोटात गोळा आला' असे आपण म्हणतो, ते उगीच नव्हे. काही मुलांचे हे तंतू फार हळवे असतात. दुसऱ्याला जाणवतही नाही एवढ्या वायूने त्यांना खरोखर कळ येते. आतड्याला जखम नसते, म्हणून तपासणीत काही सापडत नाही.

इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या डॉ. अ‍ॅप्ली व डॉ. नेश यांनी १००० शाळकरी मुलांची पाहणी १९५८ साली प्रसिद्ध केली. दहांतल्या एका मुलाला असे वारंवार पोट दुखे. बेंबीपासून दुखणे जितके दूर, तितका खऱ्या रोगाचा संशय अधिक, असे अ‍ॅप्ली सांगत.

माझ्या जावेची मुलगी पाचवीत आहे. जावेने महिनाभर कॅलेंडरवर खुणा केल्या. सात खुणा झाल्या; त्यांतल्या सहा पाढे म्हणायच्या दिवशी, रविवारी एकही नाही. दुखे ते बेंबीभोवती. रात्री झोप शांत, वजन ठीक. डॉक्टरांनी तपासून रोग नाही असे सांगितले.

मग जावेने सकाळी "दुखतंय का?" हे विचारणे सोडले. मुलीने आपण होऊन सांगितले तर म्हणायची, "दुखतंय ते खरं, पण शाळेत जायचं." घरी ठेवले की भीती टळते, लगेच बरे वाटते, आणि पुढच्या खेपेला पोट आधीच दुखू लागते. मुलीला अर्धा तास लवकर उठवून सावकाश परसाकडे जाऊ दिले, पोटावर हात ठेवून हळूहळू श्वास घ्यायला शिकवले. बाईंना भेटून पाढे सगळ्या वर्गापुढे न विचारता जवळ बोलावून विचारायची विनंती केली. दोन महिन्यांनी खुणा दोनच उरल्या.

मात्र दुखण्याने रात्री जाग येणे, वजन घटणे, शौचात रक्त, ताप, वारंवार किंवा हिरवी उलटी, लघवीला जळजळ, ही भीतीची लक्षणे नव्हेत, डॉक्टर गाठावा. दुखणे बेंबीकडून उजव्या कुशीत खाली सरकले तर त्याच दिवशी. आपल्या धुळे-नंदुरबार भागात सिकलसेलचा आजार आहे. त्यातही पोट दुखते, म्हणून घरात कोणाला तो असेल तर मुलाचे रक्त तपासून घ्यावे.

तेव्हा भगिनींनो, आधी कॅलेंडरवर खुणा करा, मग डॉक्टरांकडे जाताना ते बरोबर न्या.