खोटे कार्ड, खरी परीक्षा

इंटरनेटवर खरेदी करताना आपण कार्डाचा क्रमांक भरतो, पडद्यावर एक चक्र फिरते आणि ‘धन्यवाद’ उमटते. दुकान सर्वांसाठी खुले होण्यापूर्वी आम्ही प्रोग्रामर मंडळींनी तिथे अनेकदा खरेदी केलेली असते, तीही एक पैसा न देता!

पैसे वळते करणाऱ्या कंपन्या त्यासाठी चाचणीची वेगळी सोय ठेवतात. स्ट्राइप या कंपनीचेच पाहा. दुकानाची संगणकप्रणाली तिच्याशी एका गुप्त किल्लीने बोलते. चाचणीची किल्ली `sk_test_` ने सुरू होते, खरी `sk_live_` ने. चाचणीत खरे कार्ड चालत नाही. चालतो `4242 4242 4242 4242` हा नमुना क्रमांक. मुदतीची तारीख पुढची कोणतीही, मागचे तीन आकडेही कोणतेही.

क्रमांक गमतीचा दिसला, तरी कार्डाच्या गणितात बसतो. उजवीकडून दुसऱ्या आकड्यापासून एकाआड एक आकडा दुप्पट करायचा. सगळ्यांच्या बेरजेला दहाने भाग जायला हवा. इथे चाराचे आठ होतात, असे आठ वेळा, म्हणजे ६४. उरलेल्या आठ दोनांचे १६. बेरीज ८०. (दुप्पट नऊच्या वर गेली तर त्यातून नऊ वजा करतात.) एक आकडा चुकवून पाहा, दुकानाच्या पानाने तिथेच अडवले पाहिजे.

पण पैसे जमा झाले, यात माझ्या मते फारशी परीक्षा नाही. खरी परीक्षा नकाराची. `4000 0000 0000 9995` हे कार्ड ‘शिल्लक अपुरी’ म्हणून परत येते. समजा, बाराशे रुपयांची आंब्याची पेटी घेतली आणि हे कार्ड दिले. ऑर्डर ‘पैसे बाकी’ अशीच राहिली का? दुसरे कार्ड देऊन तीच ऑर्डर पुरी करता येते का? की एकाच्या दोन पेट्या झाल्या?

याहून अवघड जागा मधली. गिऱ्हाइकाने पैसे भरले आणि ‘धन्यवाद’ येण्याआधी वीज गेली. अशा वेळी कंपनी दुकानाच्या संगणकाला परस्पर निरोप पाठवते; त्याला वेबहुक म्हणतात. म्हणून मी नमुना कार्डाने पैसे भरतो आणि लगेच खिडकी बंद करतो. तरीही ऑर्डर ‘पैसे मिळाले’ अशी व्हायला हवी. तोच निरोप दोनदा आला, तरी पेटी एकच निघायला हवी.

बँकेचा ओटीपी उशिरा येणे मात्र इथे कळत नाही. चाचणीत त्या जागी ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ अशा अर्थाची बटणे असतात. शिवाय दुकान खुले करताना किल्ली बदलतात, पण निरोपाची सही तपासणारी `whsec_` ची खूण चाचणीचीच राहून जाते. मग प्रत्येक खरा निरोप खोटा ठरतो. कंपनीच्या पानावर बाराशे जमा दिसतात आणि दुकानाच्या यादीत ‘पैसे बाकी’. म्हणून पहिल्या दिवशी या दोन्ही याद्या शेजारीशेजारी ठेवून बघतात.