बरोबरीचे पुढे गेले तेव्हा

(वर्धा जिल्ह्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढील भाषणाचा मजकूर)



पवनारचा आश्रम येथील प्रत्येकाने पाहिलेला आहे. तेथे १९३८ साली येऊन राहिलेल्या विनोबांच्या तरुणपणातील एक वर्ष मात्र फारसे कोणाच्या लक्षात नसते. १९१६ च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी ते बडोद्याहून मुंबईस निघाले आणि सुरतेस गाडीतून उतरून काशीकडे वळले. सहाध्यायी परीक्षेस बसले. त्या दिवशीच्या हिशेबाने विनोबा मागे पडले होते.

पुढे गांधीजींच्या आश्रमात दाखल झाल्यावर १९१७ साली त्यांनी एक वर्षाची रजा घेतली व वाईस जाऊन नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी अध्ययन केले. प्रकृती क्षीण होती. म्हणून प्रथम रोज दहा-बारा मैल चालणे, ते जमल्यावर सहा ते आठ शेर दळण, त्यानंतर तीनशे सूर्यनमस्कार, असा क्रम त्यांनी ठेवला. फेब्रुवारी १९१८ मध्ये या साऱ्याचा तपशील त्यांनी पत्राने गांधीजींना कळविला. या हिशेबात मुदत आहे, मोजता येणारे काम आहे आणि तो पाहणारे एक वडीलधारे माणूस आहे. सोबत्यांच्या प्रगतीचा रकाना तेवढा नाही.

हीच रीत आजच्या तरुणाला कशी लागू पडेल? समजा, हिंगणघाटचा एक पदवीधर स्पर्धा परीक्षेची तयारी करीत आहे आणि दोन वर्गमित्रांना पुण्यात नोकरी लागली आहे. मित्राचा नेमणुकीचा आदेश सर्वांना दिसतो. त्याची आधीची वर्षे, घरची मदत आणि फसलेले प्रयत्न कोणास दिसत नाहीत. या तरुणाने जून ते नोव्हेंबर अशी मुदत ठरवावी. रोज रात्री वहीत अभ्यासाचे तास व सोडविलेले प्रश्न लिहावेत. महिनाअखेरीस जुलैची तुलना जूनशीच करावी आणि ती वही एखाद्या शिक्षकास दाखवावी.

येथे एक फसगत हमखास होते. मित्राची बातमी आली की चार तासांचे एकदम नऊ तास होतात आणि चौथ्या दिवशी वही कोरी राहते. नोंदीत अशी उसळी व लगेच घसरण दिसली, तर गती उसनी आहे असे ओळखावे आणि पुन्हा चार तासांवर यावे. चारच तास सहा महिने टिकले तर पाचवा आपोआप मिळतो, असे मात्र नाही. तो जमतो की नाही, हे वहीच सांगते.

विनोबांवर संसाराचा भार नव्हता, हेही विसरू नये. ज्याच्या घरी पीककर्जाचा हप्ता थकला आहे, त्याने मुदत लहान ठेवावी व अर्धवेळ काम धरावे. त्यात कमीपणा नाही. आणि दोन आठवडे झोप लागत नसेल, अन्नावरून वासना उडाली असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर वही बाजूस ठेवून घरच्या माणसाला सोबत घ्यावे व त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.