हॅकेथॉनमध्ये उतरण्यापूर्वी

यवतमाळ आणि पुसदच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनो, 2017 पासून होत असलेल्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनचे नियम आज नीट ऐका.

संघ सहा जणांचा, सगळे एकाच महाविद्यालयाचे, त्यात किमान एक विद्यार्थिनी हवीच. शाखा वेगवेगळ्या असल्या तर उत्तमच. आधी महाविद्यालयातली अंतर्गत फेरी होते. तिथे निवडलेल्या संघाची नोंद समन्वयक प्राध्यापक करतात. विद्यार्थ्याला परस्पर अर्ज करता येत नाही. म्हणून पोर्टलच्या शेवटच्या तारखेकडे नव्हे, अंतर्गत फेरीच्या तारखेकडे लक्ष ठेवा. ती बरीच आधी येते.

परीक्षक कल्पनेचं नावीन्य, व्यवहार्यता, परिणामाची व्याप्ती आणि वापरातली सोय पाहतात. समजा, तुम्ही कपाशीतल्या कामगंध सापळ्यात अडकलेले बोंडअळीचे पतंग मोजणारं ॲप केलं. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी आठ पतंग सापडले की ॲपनं इशारा द्यायचा. कल्पना चांगली आहे. पण शिवारात नेटवर्क नसताना ते बंद पडत असेल, तर व्यवहार्यतेचे गुण जातील, आणि ते योग्यच आहे.

आता आचारसंहिता. दुसऱ्याचा मुक्त स्रोत कोड वापरताना परवाना पाळा, मूळ कर्त्याचं नाव द्या. जुना प्रकल्प नवा म्हणून मांडू नका. सॉफ्टवेअरची अंतिम फेरी सलग 36 तासांची असते; त्यात सहकाऱ्याला, विशेषतः संघातल्या मुलीला, केवळ सादरीकरणापुरतं ठेवू नका.

आपल्या समन्वयकांना उद्याच भेटा.